लेहरा म्हणजे काय?

"लेहरा म्हणजे ठेक्याचंच दुसरं नाव का? मुलीला तबल्याच्या बाईंनी 'घरी लेहऱ्यावर रियाज कर' असं सांगितलंय. गाणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होतो का?"

नाही, ठेका वेगळा. ठेका तबल्याच्या बोलांचा असतो, लेहरा सुरांचा. तालाच्या एका आवर्तनात बरोबर बसणारी ही छोटी धून हार्मोनियमवर किंवा सारंगीवर पुन्हा पुन्हा वाजवत राहतात. तिलाच नगमाही म्हणतात. एकल तबलावादनात आणि कथकात 'लेहरा धरणारा' साथीला बसतो. तबलजी ठेका सोडून कायदे, तुकडे वाजवू लागला की तालाचा हिशेब या धुनेकडे असतो.

मेट्रोनोम फक्त लय सांगतो. आपण कितव्या मात्रेवर आहोत हे लेहरा सांगतो, कारण तीनतालाच्या सोळाही मात्रांना धुनेतली आपापली जागा असते. म्हणून हात लावण्याआधी लेहरा नुसता ऐकावा, हाताने टाळी-खाली दाखवावी आणि सम, म्हणजे पहिली मात्रा, आणि खाली, म्हणजे नववी, कोणत्या सुरांवर येते ते कानात बसवावं. सुरुवातीला मिनिटाला ६० मात्रा पुरेत. एक आवर्तन १६ सेकंदांचं होतं.

मग एक तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर संपवायचा बोल, घ्या: 'तिट कत गदि गन धा'. या पाच मात्रा, तीनदा म्हटल्या की पंधरा. शेवटचा धा समेवर हवा, तर उचल तिसऱ्या मात्रेवरून करावी लागते. पहिला धा सातव्या मात्रेवर येतो, दुसरा बाराव्या, तिसरा समेवर. शिकणारा इथे हटकून चुकतो, कारण धा वाजला की नकळत मात्राभर थांबतो. असं दोनदा झालं की शेवटचा धा पुढच्या आवर्तनाच्या तिसऱ्या मात्रेवर पडतो. हाताला काहीच चुकल्यासारखं वाटत नाही, पण लेहऱ्याची सम केव्हाच निघून गेलेली असते. तो मात्रेचा दम हवाच असेल, तर हीच तिहाई समेपासून उचला. धा पाचव्या, अकराव्या आणि समेवर येतील. दोन्ही आधी तोंडाने, टाळी देत म्हणून पाहाव्यात. मला पढंत न करता थेट वाजवायची सवय होती. ती मोडेपर्यंत तिहाया कधी जुळल्या, कधी नाही.

दुगुनीत आणखी एक फसगत होते. सोळा मात्रांचा कायदा आठ मात्रांत संपतो, त्यामुळे अर्धं आवर्तन सरकलं तरी वाजवणं सुरळीत चालू राहतं. आपली सम धुनेच्या खालीवर येतेय का, हे कानानेच पकडावं लागतं.

गाणाऱ्यांना उपयोग होतो, पण एक अडचण आहे. लेहराही कुठल्यातरी रागात असतो. चंद्रकंसातला लेहरा लावून यमनच्या ताना घेतल्या, तर त्याचे कोमल गंधार-धैवत आणि शुद्ध मध्यम यमनला छेद देतात. म्हणून लेहरा त्याच रागातला आणि आपल्याच षड्जाचा शोधावा. तसा मिळत नसेल, तर ताना तानपुरा आणि ठेक्यावर घ्याव्यात. लेहऱ्यावर मग फक्त सूर न लावता टाळी देत बोल म्हणावेत, नाहीतर तानेची उचल कुठून करायची ते मोजावं.