व्हॉट्सॲपवर आलेला फोटो न दिसणाऱ्याला कसा कळतो?

प्रश्न: बाबांना दिसत नाही. ग्रुपवर फोटो आले की ते विचारतात, ‘काय आहे यात?’ त्यांना स्वतःहून कळेल असं काही आहे का?

उत्तर: आहे. मी स्वतः अंध आहे, रत्नागिरीत राहतो, रोज वापरतो. फोनमध्ये टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं बोलून वाचून दाखवणारी सोय, चालू ठेवून फोटो उघडायचा, ‘शेअर’ करायचा आणि बी माय आइज किंवा सीइंग एआयसारखं फोटोचं वर्णन करणारं ॲप निवडायचं. वर्णन अक्षरांत येतं, टॉकबॅक ते वाचतो.

परवा भाच्याने मिरकरवाड्याच्या जेटीवरचा फोटो पाठवला. वर्णन आलं: निळी होडी, टोपलीत मासे, शेजारी दोन बायका. चित्र डोळ्यांपुढे उभं राहिलं. मग मी विचारलं, ‘हे बांगडे आहेत ना?’ उत्तर ‘हो’. भाच्याला फोन केला, तर ते बांगडे नव्हते, तारली होती!

चूक माझ्या प्रश्नातच होती. उत्तर सुचवून विचारलं की ॲप पुष्कळदा होकार भरतं. ‘मासे कसे दिसतात? पाठीवर काय दिसतं?’ असं मोकळं विचारावं. दोनदा विचारून उत्तर बदललं, तर तो अंदाज समजावा. माणसांची नावंही सहसा सांगत नाही; ‘निळ्या साडीतली बाई’ एवढंच. ती आत्या की मावशी, ते पाठवणाऱ्याने फोटोखाली लिहावं. औषधाच्या पट्टीवरची तारीख मात्र मी डोळस माणसाकडूनच वाचून घेतो.