गेम लाइव्ह करून खरंच पैसे मिळतात का? बडोद्याच्या एका मुलाचा हिशोब

"ताई, मुलगा बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. रोज रात्री फोनवर गेम लाइव्ह करतो. आता म्हणतो दीड लाखाचा पीसी घेऊन द्या, एक वर्ष नोकरी शोधणार नाही, लोक टिप्स देतात, मेंबर होतात, त्यातूनच कमावेन. ह्यात पैसे असतात का? आम्ही काय करावं?"

पैसे असतात. पण किती आणि कधीपासून, ते तुमच्या मुलाच्या चॅनेलवरचे दोन आकडे पाहिले की बरंचसं कळतं. माझ्याकडे प्रतापनगरचा एक मुलगा आला होता, बाबा रेल्वेतून रिटायर झालेले, अगदी तुमच्यासारखीच मागणी घेऊन दोघं बसले होते, त्यांच्या परवानगीने त्याचाच हिशोब सांगते, ओळख पटेल असं सगळं काढून.

आल्या आल्या मुलगा म्हणाला, माझे २३०० सबस्क्राइबर आहेत, एका लाइव्हला ६१ लोक होते. बाबांना वाटलं बरेच आहेत की. मी त्याला फोनवर यूट्यूब स्टुडिओ उघडायला सांगितलं आणि गेल्या महिन्याच्या प्रत्येक लाइव्हचा Average concurrent viewers हा आकडा वाचून दाखव म्हटलं. म्हणजे पूर्ण लाइव्हभर एका वेळी सरासरी किती जण बघत होते. तो आला ४. ते ६१ ज्या दिवशी होते त्या दिवशी त्याने रॉयल पास, म्हणजे गेममधला विकतचा पास, फुकट देईन म्हणून जाहीर केलं होतं, पास वाटून झाला आणि लोक गेले. आणि २३०० पैकी बहुतेक त्याच्या छोट्या शॉर्ट्स बघून आलेले, तीस सेकंदांचा हेडशॉट बघणारा माणूस रात्री तीन तास बसून लाइव्ह बघेलच असं नाही, बहुतेक वेळा नाहीच बघत. त्यामुळे माझ्या मते लाइव्हच्या धंद्यात सबस्क्राइबरचा आकडा बाजूलाच ठेवावा आणि ही सरासरी धरावी, टिप्स आणि मेंबरशिप देणारी माणसं तिथेच असतात.

आता हे चार जण धरून हिशोब करू. यूट्यूबवर सुपर चॅट, म्हणजे लाइव्हमध्ये पैसे देऊन पाठवलेला मेसेज, आणि मेंबरशिप, म्हणजे दर महिन्याची वर्गणी, सुरू व्हायला ५०० सबस्क्राइबर, ९० दिवसांत ३ पब्लिक व्हिडिओ आणि गेल्या ३६५ दिवसांत ३००० तासांचा वॉच टाइम, म्हणजे सगळ्या बघणाऱ्यांचा मिळून वेळ, लागतो (तासांऐवजी ९० दिवसांत शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज असले तरी चालतात, पण तेवढे ह्याचे नव्हते). जाहिरातींचे पैसे हवे असतील तर १००० सबस्क्राइबर आणि ४००० तास. चार माणसं गुणिले तीन तास म्हणजे रात्रीचे १२ तास, महिन्यात २२ रात्री धरल्या तर २६४. म्हणजे ३००० व्हायला अकरा महिन्यांच्या वर, तेही आजारपण परीक्षा लग्नकार्य काही मध्ये न येता. वर हा मुलगा काय करत होता, ज्या लाइव्हमध्ये हरला ते दुसऱ्या दिवशी प्रायव्हेट करायचा. प्रायव्हेट केलेल्या किंवा उडवलेल्या व्हिडिओचे तास ह्या मोजणीत धरत नाहीत, त्यामुळे त्याचे कितीतरी तास असेच गेले होते आणि त्याला वाटायचं यूट्यूबच काहीतरी गडबड करतंय. तुमच्या मुलालाही हे आधी विचारा.

मग पीसीचा विषय. मी विचारलं पीसी कशाला हवा, तर म्हणे लाइव्ह अडकतं, चॅटमध्ये सगळे लॅग लॅग करतात. मी म्हटलं, अडकतं तेव्हा तुझ्या हातातला गेम पण अडकतो की फक्त बघणाऱ्यांना अडकलेला दिसतो? हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण दोन्हीचा इलाज वेगळा. गेम मस्त चाललाय आणि बघणाऱ्यांनाच अडकतंय तर दोष इंटरनेटच्या अपलोडचा. गेमच अडखळतोय आणि फोन हाताला चटके देतोय, तर फोन गरम झाल्यामुळे स्वतःचा वेग कमी करतोय. ह्याच्याकडे दोन्ही होतं. एकच फोन गेमही चालवणार, व्हिडिओही बनवून पाठवणार, शिवाय चार्जिंगला लावलेला, अर्ध्या पाऊण तासात बसायचाच. आणि राउटर बाहेरच्या खोलीत, हा आतल्या खोलीत, मध्ये जुन्या घराच्या जाड भिंती.

घरी बहिणीचा लॅपटॉप होता, कॉलेजचा साधाच. त्यावर ओबीएस हे लाइव्ह पाठवायचं सॉफ्टवेअर टाकलं, ते फुकट असतं. फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून `scrcpy` नावाच्या फुकट प्रोग्रामने फोनचा स्क्रीन लॅपटॉपवर घेतला आणि लॅपटॉपमधून लाइव्ह सुरू केलं. ह्यात एक अडचण आहे ती सांगते, गेमचा आवाज लॅपटॉपवरून येतो आणि किंचित उशिरा येतो, शत्रूच्या पावलांचा आवाज ऐकून खेळणाऱ्यांना ते जाणवतं, त्याची पण सुरुवातीला कुरकुर होती. १०८०पीचा हट्ट सोडून ७२०पी ३० फ्रेम, बिटरेट म्हणजे दर सेकंदाला पाठवायचा डेटा ३००० केबीपीएस ठेवला, त्याला अपलोड निदान ६ एमबीपीएस असलं की निर्धास्त. राउटरपासून लॅन केबल ओढली. ओबीएसमध्ये Stats म्हणून खिडकी आहे, तिथे Dropped frames वाढत असतील तर नेट कमी पडतंय आणि Skipped frames वाढत असतील तर लॅपटॉप कमी पडतोय, एवढं बघता आलं की कुठली वस्तू घ्यायची ते आपोआप कळतं. त्याच्याकडे केबल टाकल्यावर पहिला आकडा थांबला, दुसरा मुळात वाढतच नव्हता. म्हणजे नव्या पीसीने सुटेल असं काही उरलंच नव्हतं.

पैसे गेले ते केबलचे, दोन हजारांच्या आसपासच्या एका यूएसबी माइकचे आणि लाइट गेली तर राउटर चालू राहावा म्हणून छोट्या यूपीएसचे, सगळं मिळून चार हजारांच्या आत. माइकवर खर्च करा असं मी मुद्दाम म्हणेन, लोक थोडं धूसर चित्र चालवून घेतात पण पंख्याची घरघर आणि फाटका आवाज कानाला लागला की लगेच निघून जातात.

नियमितपणाचं म्हणाल तर त्याला वाटायचं की जास्त तास म्हणजे जास्त फायदा. कधी दुपारी दोन ते सात, कधी रात्री एक वाजता. आम्ही ठरवलं आठवड्यात पाच रात्री, साडेनऊ ते बारा, बस. वेळ ठरली की बघणाऱ्याला जेवण झाल्यावर आपोआप आठवतं. आणि समोर कोणी असो नसो, बोलत राहायचं, मी इथून का चाललोय, झोन कुठे येईल, कारण नवीन माणूस येतो तो पहिल्या मिनिटाभरात ठरवतो थांबायचं की नाही आणि हा मुलगा कोणी आलं की मगच तोंड उघडायचा. त्याचे बघणारे बहुतेक यूपी-बिहारचे, तो हिंदीत बोलतो. नवरात्रात त्याला गरबा सोडायचा नव्हता (बडोद्याच्या मुलाला कोण सांगणार सोड म्हणून), त्याने आठवडाभर आधीपासून रोज सांगितलं की अमुक तारखेपर्यंत सुट्टी. तरी दोन मेंबर गेले, बाकीचे परत आले. न सांगता गायब झाला असता तर जास्त गेले असते.

नऊ महिन्यांनी सरासरी ४ वरून १७ झाली, तास पूर्ण झाले, सुपर चॅट मेंबरशिप सुरू झाली. तेव्हाचा एका महिन्याचा हिशोब त्याच्या बाबांनी वहीत लिहून आणला. मेंबर १४, प्रत्येकी ५९ रुपये. ५९ मधून आधी जीएसटी जाऊन राहिले ५०, त्याचे ७० टक्के चॅनेलला म्हणजे ३५, चौदा जणांचे ४९०. सुपर चॅट १७७० चे, त्याच पद्धतीने हातात १०५०. आणि स्क्रीनवरच्या क्यूआर कोडवर यूपीआयने थेट आलेले ९००, त्यात यूट्यूबचा वाटा नाही. एकूण २४४०. लाइव्हचे तास ५५, म्हणजे तासाला साधारण ४४ रुपये, त्यात शॉर्ट्स कापणं, थंबनेल करणं हे धरलेलंच नाही. शिवाय यूट्यूबकडचे १५४० लगेच खात्यात येत नाहीत, तिथे १०० डॉलर साठले की मगच पैसे सुटतात, ह्या वेगाने सहा महिन्यांतून एकदा.

हे ऐकून निराश व्हावं असं मला वाटत नाही, चार हजारांच्या सामानात सरासरी चौपट करणं ही खरी मेहनत आहे आणि मी त्याला तसं सांगितलं. पण ह्याच्यावर घर चालत नाही. तो आता अलकापुरीत एका अकाउंट्सच्या ऑफिसात नोकरी करतो आणि रात्री लाइव्ह करतो. पीसीबद्दल त्यांनी घरात ठरवलंय की चॅनेलच्या पैशातून अर्धी रक्कम जमली तर उरलेली बाबा घालतील. मला हे फार पटलं. नोकरी सोडायची गोष्ट मी तेव्हा ऐकेन जेव्हा सहा महिने सलग चॅनेलचे पैसे पगाराएवढे येतील आणि सहा महिन्यांचा खर्च बँकेत पडलेला असेल.

सहा महिने सलग असं का म्हणते, तर तो खेळतो तो बीजीएमआय हा गेम जुलै २०२२ मध्ये ॲप स्टोअरमधून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. मधले दहा महिने ज्यांच्याकडे लोक फक्त त्या गेमसाठी यायचे त्यांनी काय करायचं? म्हणून ह्या मुलाला आठवड्यातली एक रात्र दुसरा गेम खेळायला लावलंय, त्या रात्री १७ चे ८-९ होतात. पण जे ८-९ राहतात ते त्याच्यासाठी येतात, आणि १४ मेंबरपैकी बहुतेक त्यांच्यातलेच आहेत.

दोन गोष्टी मात्र आज रात्रीच मुलाशी बोलून घ्या. एक, टिप्सचा क्यूआर कोणाच्या खात्याचा आहे? ह्या मुलाने बाबांचा लावला होता, पैसे टाकणाऱ्या प्रत्येकाला बाबांचं पूर्ण नाव दिसत होतं आणि पेन्शनच्या खात्यात अनोळखी लोकांचे वीस-पन्नास रुपये येत होते. मुलाच्या नावाचं वेगळं खातं उघडा, हे उत्पन्नच आहे, रिटर्नमध्ये दाखवायला पण सोपं जाईल.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. चॅनेल जरा वाढलं की टेलिग्रामवर मेसेज येतो, आमच्या ॲपचा लोगो कोपऱ्यात लावा, महिन्याला आठ हजार देऊ. महिनाभर राबून २४४० मिळवणाऱ्या मुलाला आठ हजार म्हणजे केवढे वाटत असतील बघा. ते ॲप पैसे लावून खेळायचं असतं. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यानुसार अशा खेळांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि आपण फक्त लोगो लावला म्हणून सुटका होत नाही. ह्या मुलाला असा मेसेज आला तेव्हा त्याने आधी बाबांना दाखवला, दोघांनी मिळून ब्लॉक केला. तुमच्या मुलाला आला असेल तर रागावू नका, किती दिवस लोगो लावला होता ते विचारा, ज्या व्हिडिओत आहे ते काढून टाकायला लावा, तास गेले तर जाऊ दे.