आइंडहोवनला येण्याआधी: तुझ्या चार प्रश्नांची उत्तरं, त्याच क्रमाने

"दादा, कंपनीच्या मेलचा स्क्रीनशॉट पाठवतोय. जन्मदाखल्यावर माझं नावच नाही, फक्त आईवडिलांचं आहे. चालेल का? अपॉस्टिलला मुंबईला जावंच लागतं का? पोरगी दहा वर्षांची आहे, तिला डच शाळेत घालू की इंटरनॅशनल? मी आधी एकटा येऊन वर्षाने त्यांना आणणार आहे. आणि हिला तिथे करमेल का?"

नाही चालणार. इथली नगरपालिका दाखल्यावरूनच तुझी नोंद करते आणि नावाशिवाय तो दाखला तुझाच आहे हे ठरत नाही. नाव चढवायला जाशील तेव्हा राहत्या गावात नको जाऊस, जिथे जन्म झाला तिथे जा. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. घर पारोळ्याला असलं तरी नोंद अमळनेर नगरपरिषदेत सापडते, आणि पारोळ्याला महिनाभर खेटे घालून हे कळतं. शाळा सोडल्याचा दाखला आणि पासपोर्ट सोबत ने. नाव चढवायला कायद्याने पंधरा वर्षांची मुदत आहे. राज्याने ती वेळोवेळी वाढवली आहे, तेव्हा 'आता होणार नाही' म्हणाले तर सध्या मुदतवाढ चालू आहे का, एवढं विचार. नोंदच सापडली नाही तर अनुपलब्धता दाखला घेऊन दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने उशिराची नोंद करावी लागते. त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम सगळ्यात आधी धर.

नवा दाखला मराठी-इंग्रजी दोन्हीत आणि क्यूआर कोडचा माग. छापण्याआधी संगणकावरचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर-अक्षर जुळव, विशेषतः वडिलांचं नाव. पासपोर्टवर Bhaskar आणि दाखल्यावर Bhasker असलं तर इथला कारकून तुझे वडील दोन माणसं धरतो.

दुसरं, स्वतः जायची गरज नाही. आधी राज्य सरकारकडून कागदाची तपासणी होते, मग परराष्ट्र मंत्रालय अपॉस्टिल लावतं, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून त्यावर प्रमाणीकरण करतं. मंत्रालय लोकांकडून थेट कागद घेत नाही, त्याने नेमलेल्या संस्थांमार्फत द्यावे लागतात. सरकारी शुल्क कागदामागे 50 रुपये, बाकीचा आकडा एजंटचा, तो दोन-तीन ठिकाणी विचार. तुझा, बायकोचा, पोरीचा जन्मदाखला आणि विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, असे चार कागद एकाच खेपेत टाक. सामूहिक विवाहात समाजाने दिलेलं प्रमाणपत्र चालत नाही. दाखला लॅमिनेट करू नकोस, त्यावर शिक्का-स्टिकर बसत नाही. इंग्रजी कागदाला इथे डच भाषांतर लागत नाही. जर्मनीला गेलेल्या दोस्ताचं यात ऐकू नको. जर्मनी भारताचं अपॉस्टिल मानत नाही, त्यांची पडताळणी वेगळी असते.

आता पोरगी. दोन-तीन वर्षांनी परतायचं नक्की असेल तर इंटरनॅशनल, पण फी कंपनी भरणार का ते लेखी घे. राहायचं असेल तर डच. मात्र 'वर्षाने आणतो' हा बेत सोड. इथे प्राथमिक शाळेचे आठ वर्ग असतात, आणि आठव्यात, म्हणजे साधारण बाराव्या वर्षी, पोर पुढे कुठल्या शाळेत जाणार याचा सल्ला शाळा देते: व्हीएमबीओ चार वर्षांचं, व्यवसायाकडे नेणारं, हावो पाच वर्षांचं, व्हीडब्ल्यूओ सहा वर्षांचं, विद्यापीठाकडे नेणारं. आत्ता आली तर साधारण वर्षभर नवागतांच्या भाषावर्गात, मग सातवा वर्ग मागता येईल आणि सल्ल्याआधी डच बऱ्यापैकी बसेल. वर्षाने आली तर भाषावर्गातच आठव्याचं वय गाठेल, आणि शिक्षिका तिची हुशारी अडखळत्या डचवरून मोजेल. गणितातसुद्धा उदाहरणं शाब्दिक असतात. भागाकार येतो, पण प्रश्नच कळत नाही.

म्हणून पहिल्याच भेटीत सांग की गणिताची पातळी भाषेपासून वेगळी तपासा, आणि ते लेखी माग. आठव्यात जानेवारीत तात्पुरता सल्ला येतो, फेब्रुवारीत चाचणी होते. चाचणीचा निकाल सल्ल्यापेक्षा वरचा आला तर शाळेने सल्ला वर न्यायचा असतो. नेला नाही तर कारण द्यावं लागतं. हावो आणि व्हीडब्ल्यूओ असा जोडसल्लाही मागता येतो. गोड बोलून 'तिला खालच्या वर्गात सुखाने राहू द्या' म्हणतील, तेव्हा मान डोलावू नकोस. हे एवढं लांबण का लावतोय, ते समजून घे. आमच्या घरात शाळेच्या सल्ल्याचा विषय अजून जेवायच्या वेळी निघतो.

बायकोला करमणार नाही, निदान पहिल्या हिवाळ्यात तरी. डिसेंबरात पावणेनऊला उजाडतं आणि साडेचारला अंधार पडतो. भरताची हिरवी वांगी मिळत नाहीत, जांभळ्यावर भागवावं लागतं. पण तू उच्चकुशल व्हिसावर येतोयस म्हणजे तिला वेगळा परवाना न काढता नोकरी करता येते, आणि निवास कार्डावर तशी नोंद असते. तिच्या पदवीची आणि गुणपत्रिकांची मूळ प्रत बरोबर आण, इथे त्यांचं मूल्यांकन करून घेता येतं.