ओळख नसलेल्या कंपनीला पहिला मेल: काय कापायचं आणि काय घालायचं

प्रश्न: "रबाळे एमआयडीसीत आमचं पावडर कोटिंगचं युनिट आहे. वागळे इस्टेटमधल्या एका पॅनल बॉक्स बनवणाऱ्या कंपनीशी टाय-अप करायचा आहे, ओळख कोणाचीच नाही. सोबतचा मेल ब्रोशर जोडून पाठवला, उत्तर नाही. मित्र म्हणतात फार लांबलाय आणि सगळं स्वतःचंच सांगितलंय. काय कापू?"

उत्तर:

तुमचा मेल वाचताना आमच्या महापेच्या लेझर कटिंग युनिटचं जुनं पत्रच वाचतेय असं वाटलं. स्थापना, वडिलांचे कष्ट, आयएसओ, मशिनरीची यादी, 'उत्तम गुणवत्ता व वेळेवर डिलिव्हरी' आणि शेवटी 'परस्पर हिताच्या भागीदारीच्या अपेक्षेत'. आमचं पत्र एका एजन्सीनं चांगले पैसे घेऊन लिहून दिलं होतं. त्या प्रतापाबद्दल पुढे सांगते.

काय कापायचं ते नंतर बघू. आधी मेलमध्ये काय नाही ते बघा. पॅनलवाला कोटिंगवाल्याला सगळ्यात आधी ओव्हनचं माप विचारतो. उभी पॅनलं दोन मीटरपर्यंत जातात. एवढा जॉब अख्खा आत बसतो की नाही हे कळेपर्यंत बाकी सगळं त्याच्या दृष्टीनं फुकट. तुमच्या मेलमध्ये ओव्हन आहे, पण 'अत्याधुनिक' आहे. माप मला सापडलं ते ब्रोशरच्या नवव्या पानावर: उंची 2.4 मीटर. अहो, हाच तुमचा हुकमाचा पत्ता, आणि तो अशा पानावर ठेवलाय जिथवर कोणी जात नाही.

दुसरं, त्यांच्या वेबसाइटवर रस्त्याकडेला उभे राहणारे फीडर पिलर दिसतात. ते उन्हापावसात राहणार. इपॉक्सी पावडर उन्हात भुकटी सोडते आणि फिकी पडते, म्हणून बाहेरच्या कामाला प्युअर पॉलिएस्टर. हे तुम्हाला मी सांगायला नको, पण मेलमध्ये कुठेच नाही. 'सर्व प्रकारचे कोटिंग केले जाईल' एवढंच आहे. तिसरं, पावसाळ्यात वेल्डिंग होऊन पडलेला उघडा पत्रा कोटिंगला पोचेपर्यंत गंज धरतो. माल कोण उचलणार आणि किती लवकर, हा त्यांचा रोजचा कटकटीचा विषय असणार. आणि तुम्ही कळव्याच्या पुलापलीकडे आहात, म्हणजे ट्रॅफिकची शंका येणारच. ती तुम्हीच आधी मिटवा.

आता कात्री. मेलचा प्रिंट काढा आणि 'आम्ही' किंवा 'आमच्या'नं सुरू होणारं प्रत्येक वाक्य अधोरेखित करा. प्रत्येकापुढे विचारा, 'बरं, मग मला काय?' उत्तर मिळालं तर वाक्य तिथून उलटं लिहा, नाही मिळालं तर उडवा. तुमचं 'आमच्याकडे सात टाक्यांची प्रीट्रीटमेंट लाइन आहे' हे वाक्य असं होईल: 'पत्रा डीग्रीस आणि फॉस्फेट होऊनच पावडरखाली जातो, त्यामुळे वेल्डच्या कडेला पापुद्रा सुटत नाही.' स्थापनेच्या सालाला काही उत्तर नाही, ते गेलं. वडिलांचे कष्टही गेले. वाईट वाटेल, पण ती गोष्ट तिसऱ्या भेटीत चहाबरोबर सांगा. आयएसओ व्हेंडर रजिस्ट्रेशनला लागेल तेव्हा द्या.

पण 'आम्ही'च्या जागी 'आपल्यासारख्या नामांकित संस्थेस' घालून मेल त्यांच्याबद्दलचा होत नाही. ती मस्कापॉलिश ज्याला त्याला कळते.

मी मार्केटिंगवाली नाही, छोट्या युनिटपुरतंच बोलतेय. माझा मसुदा असा. ते इंग्रजीत व्यवहार करत असतील तर इंग्रजीत लिहा, पण लांबी वाढवू नका.

विषय: फीडर पिलर कोटिंग, 2.4 मीटर ओव्हन, रबाळे

नमस्कार साहेब,
तुमच्या वेबसाइटवर फीडर पिलर पाहिले. त्यांचं कोटिंग बाहेरून करून घेत असाल, तर मोठ्या मापाच्या किंवा घाईच्या लॉटला आमचा उपयोग होईल.
रबाळ्याच्या आमच्या ओव्हनची उंची 2.4 मीटर आहे, दोन मीटरचं उभं पॅनल अख्खं बसतं. बाहेरच्या कामाला प्युअर पॉलिएस्टर, जाडी 60 ते 80 मायक्रॉन. प्रत्येक लॉटचं रीडिंग चलनासोबत देतो. उघडा पत्रा पडून राहू नये म्हणून वागळेतून माल आमची गाडी उचलते.
एक दरवाजा नमुन्याला पाठवाल का? पैसे न घेता कोट करून देतो, क्रॉस-कट चाचणी तुमच्याकडेच करून बघा. गरज नसेल तर तसं कळवलंत तरी चालेल.
(नाव, युनिट, मोबाइल)

यातलं जे खरं नाही ते काढा. गाडी तुमची नसेल तर ती ओळ नको, नाहीतर पहिल्याच पावसात फजिती होईल. 'मोठ्या मापाच्या किंवा घाईच्या लॉटला' हे मुद्दाम घातलंय. त्यांचा आत्ताचा कोटिंगवाला असणारच, आणि त्याला काढून तुम्हाला घ्या असं अनोळखी माणसानं सुचवलेलं कोणाला आवडत नाही. 'टाय-अप' हा शब्दही नाही. तो वाचला की मालकाला बांधिलकी दिसते आणि तो मेल 'नंतर बघू'मध्ये जातो. रेट, किमान लोड, रिजेक्शनचा खर्च कोणाचा, ही बोलणी नमुना पास झाल्यावर. ब्रोशर पहिल्या मेलला जोडू नका. मागितलं तर पाठवा, आणि तेव्हाही ओव्हनचं माप पहिल्या पानावर आणून.

आता ती एजन्सी. त्यांनी आमचं ते लांबलचक पत्र कुठून तरी आणलेल्या यादीवर, आमच्याच डोमेनवरून, एका फटक्यात पाठवलं. यादीतले कितीतरी पत्ते बंद पडलेले, मेल परत येत राहिले. काहींनी स्पॅम म्हणून ढकललं. मग आमच्या रोजच्या गिऱ्हाइकांना पाठवलेली कोटेशनं स्पॅममध्ये पडायला लागली. तळोज्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं 'तुम्ही रेटच पाठवला नाहीत' म्हणून काम दुसरीकडे दिलं, तेव्हा आम्हाला पत्ता लागला. एजन्सीत फोन केला तर 'ओपन रेट उत्तम आहे मॅडम' आणि डोमेनची काळजी म्हणे आमची! रिपोर्ट मात्र रंगीत आलेखांसकट, दर महिन्याला. त्या पैशात एक पोरगा बाइकवर नमुने घेऊन अख्खं वागळे फिरला असता.

म्हणून हा मेल एकेकाला, हातानं, त्यांचं काम बघून पाठवा. बीसीसीत चाळीस जण घालून नाही. त्याआधी तुमचं डोमेन तपासा. युनिटच्या पत्त्यावरून स्वतःच्या जीमेलला एक मेल पाठवा, संगणकावर तो उघडून तीन ठिपक्यांच्या मेनूतून Show original दाबा. मेल खरंच तुमच्या डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या SPF आणि DKIM या दोन तपासण्यांपुढे PASS दिसायला हवं. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे दोन्हींपैकी एक तरी असणं गूगलनं बंधनकारक केलंय, मोठ्या संख्येनं पाठवणाऱ्यांना दोन्ही. नसेल तर ज्याच्याकडून डोमेन घेतलंय त्याला सांगून लावून घ्या. तुमचा पहिला मेल कोणी वाचलाच नाही, अशीही शक्यता आहे.

आणि info@ वर पाठवला असेल तर तो कोण उघडतं देव जाणे. आधी कंपनीत फोन करून 'कोटिंगचं जॉबवर्क कोण बघतं' एवढंच विचारा. रिसेप्शनवरची मुलगी बहुतेक वेळा नाव सांगते. आठवड्याभरात उत्तर आलं नाही तर त्याच मेलला रिप्लाय करा, पण 'माझा मेल मिळाला का' असं विचारू नका. त्याच मापाच्या, तुम्ही केलेल्या एखाद्या उभ्या पॅनलचा फोटो टाका, शेजारी टेप धरून, आणि खाली एक ओळ. तरी शांतता असली तर सोडून द्या. उभी पॅनलं बनवणारे वागळेत तेवढेच एक नाहीत.