फाइलमध्ये तीन तारखा, सर्टिफिकेटवर कोणती?

प्रश्न: माझी शेवटची पाळी 10 जूनची. त्यावरून कार्डावर डिलिव्हरीची तारीख 17 मार्च 2026 लिहिली आहे. 5 ऑगस्टच्या पहिल्या सोनोग्राफीत गर्भ 6 आठवडे 5 दिवसांचा निघाला आणि 26 मार्च तारीख आली. डिसेंबर अखेरच्या सोनोग्राफीत 14 मार्च. एचआरला मॅटर्निटी लीव्हसाठी सर्टिफिकेट हवंय, त्यावर कोणती तारीख यावी? वार खाली असल्याने डॉक्टरांनी 5 जानेवारीपासून विश्रांती सांगितली आहे, ती याच रजेत धरतात का? पहिलंच मूल आहे, नोकरी खासगी कंपनीत.

उत्तर:

26 मार्च. आणि विश्रांती याच रजेत धरू देऊ नका, तिचं सर्टिफिकेट वेगळं घ्या. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, ही सर्टिफिकेटं लिहिणं रोजचंच काम, म्हणून कारणंही सांगते.

पाळीवरून तारीख काढताना पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजतात. यात एक गोष्ट गृहीत असते: पाळी 28 दिवसांनी येते आणि चौदाव्या दिवसाच्या आसपास बीज सुटतं. ज्यांची पाळी पस्तीस-सदतीस दिवसांनी येते त्यांचं बीज उशिरा सुटतं, गर्भ तेवढ्याच दिवसांनी लहान असतो, आणि कार्डावरची तारीख तेवढीच अलीकडे पडते. तुमचंही बहुधा असंच झालं असावं. 5 ऑगस्टला पाळीच्या हिशोबाने बरोबर 8 आठवडे भरले होते, सोनोग्राफीत निघाले 6 आठवडे 5 दिवस. फरक 9 दिवसांचा.

आम्ही पाळतो तो नियम असा. पाळीच्या हिशोबाने 9 आठवडे पूर्ण होण्याआधीची सोनोग्राफी असेल आणि फरक 5 दिवसांपेक्षा जास्त असेल, तर सोनोग्राफीची तारीख धरायची. 9 ते 14 आठवड्यांच्या दरम्यान हीच मर्यादा 7 दिवसांची. फरक त्याच्या आत असेल तर पाळीची तारीखच कायम. तुमचे 9 दिवस मर्यादेच्या बाहेर आहेत, म्हणून 26 मार्च. एकदा ही तारीख ठरली की पुढे ती बदलायची नसते.

मग डिसेंबरची 14 मार्च कुठून आली? त्या दिवसांत मशीन बाळाचं डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजतं, आणि एवढं बाळ साधारण किती आठवड्यांचं असतं त्यावरून तारीख छापतं. पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळपास सारख्या वेगाने वाढतात. नंतर कुणी अंगाने भरतं, कुणी बारीक राहतं, आणि या तारखेत दोन-तीन आठवड्यांची चूक सहज होऊ शकते. 14 मार्च म्हणजे बाळ थोडं थोराड आहे, एवढाच अर्थ. गोंधळ होतो तो सर्टिफिकेट घाईत लिहिताना. फाइल उघडली की सर्वांत वरचा, ताजा रिपोर्ट हाताला लागतो आणि त्यावरचीच तारीख उतरवली जाते. माता-बाल संरक्षण कार्डावरची तारीखही पहिल्या भेटीत नर्सने पाळीवरून घातलेली असते, ती नंतर दुरुस्त करायचं अनेकदा राहून जातं. म्हणून सर्टिफिकेट मागायला जाताना 5 ऑगस्टचा रिपोर्ट फाइलीत वर लावून न्या.

आता रजेचा हिशोब. पहिल्या किंवा दुसऱ्या मुलासाठी खासगी नोकरीत 26 आठवडे, म्हणजे 182 दिवस पगारी रजा मिळते, आणि त्यातले जास्तीत जास्त 8 आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी घेता येतात. 1961 च्या कायद्यात 2017 ला झालेल्या दुरुस्तीने हे आलं, आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही ते तसंच आहे. (सरकारी नोकरीत 180 दिवस, तिथले नियम निराळे.) 26 मार्चच्या आधीचे 8 आठवडे म्हणजे 29 जानेवारी. त्याआधी तुमची मॅटर्निटी लीव्ह सुरूच होऊ शकत नाही. 29 जानेवारीला सुरू केली तर 29 जुलैला संपते, 30 ला कामावर हजर. त्याऐवजी 25 फेब्रुवारीपर्यंत काम करून 26 ला सुरू केली, तर ती 26 ऑगस्टपर्यंत जाते. कधी सुरू करायची ते तुम्ही ठरवायचं, डॉक्टरांनी नाही.

इथेच विश्रांतीचा घोळ होतो. बरेच डॉक्टर एकाच कागदावर लिहून टाकतात, ‘प्रसूतीची तारीख अमुक, 5 जानेवारीपासून प्रसूतीपर्यंत विश्रांतीचा सल्ला’. एचआर दोनपैकी एक करतं. एक तर आठ आठवड्यांच्या आधीची तारीख म्हणून कागद परत करतं, नाहीतर 5 जानेवारीपासूनच 182 दिवस मोजायला घेतं. मग रजा 5 जुलैला संपते आणि बाळाजवळ राहायचे 24 दिवस जातात.

5 ते 28 जानेवारीची विश्रांती आजारपणाची आहे, तिचं कारण वार खाली असणं. ती वैद्यकीय रजेत जाते. ती शिल्लक नसेल तर गर्भारपणातल्या आजारासाठी कायद्याने मॅटर्निटी लीव्हशिवाय आणखी एक महिन्यापर्यंत रजा देता येते, फक्त वैद्यकीय पुरावा लागतो. तो पुरावा म्हणजे हेच दुसरं सर्टिफिकेट. त्यावर आजार, ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन्ही तारखा, आणि पुन्हा तपासणी कधी हे असावं. ‘प्रसूतीपर्यंत’ असं मोघम नको. वार पुढच्या सोनोग्राफीत वर सरकलेली दिसू शकते, आणि मग तुम्हाला कामावर जायचं असलं तरी हा कागद आडवा येतो.

पहिल्या सर्टिफिकेटचा मजकूर मी साधारण असा लिहिते:

‘प्रमाणित करण्यात येते की श्रीमती …, वय …, या माझ्या देखरेखीखाली असून आजच्या तपासणीनुसार त्या … आठवड्यांच्या गर्भवती आहेत. 5 ऑगस्ट 2025 च्या सोनोग्राफीवरून प्रसूतीची अपेक्षित तारीख 26 मार्च 2026 आहे.’

खाली तपासणीची तारीख, सही, शिक्का आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. तुमची सही आणि एखादी ओळखखूणही घेतो. दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटची नोंद आणि प्रत ठेवणं आम्हाला बंधनकारक आहे, त्यामुळे मागची तारीख घालून द्या असं कुणी म्हटलं तर नाही म्हणावं लागतं. विश्रांती 5 जानेवारीला सांगितली असेल तर ती त्या दिवशीच्या केसपेपरवर असतेच. तिच्या आधाराने आजच्या तारखेचं सर्टिफिकेट देता येतं, आणि ते पुरतं.

प्रसूतीच्या तारखेच्या या पहिल्या कागदावर विश्रांतीचा शब्दही लागत नाही, कारण प्रसूतीची रजा हा हक्क आहे, डॉक्टरांचा सल्ला नव्हे. आधीच्या गर्भपातांची माहितीही नको. काही जणी सोबत पूर्ण फाइलची झेरॉक्स जोडतात आणि मग ‘जी 3, ए 2’, म्हणजे तिसरं गर्भारपण, आधी दोन गर्भपात, अशा नोंदी ऑफिसात फिरतात. एचआरने सोनोग्राफीचा रिपोर्ट मागितला तर सर्टिफिकेटवर तारखेचा आधार लिहिलाच आहे, एवढं सांगा.

बाळ 26 ला आलं नाही म्हणून नवं सर्टिफिकेट करायची गरज नाही. ते 15 ला आलं काय किंवा 2 एप्रिलला आलं काय, डिस्चार्ज कार्डावरची जन्मतारीख कळवायची. प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून 48 तासांत उरलेल्या रजेचे पैसे देणं कंपनीवर बंधनकारक आहे, तेव्हा ते कार्ड घरी पोहोचल्यावर लगेच मेल करून टाका.