एचआरच्या बदलीच्या ईमेलमध्ये बंधनकारक काय आणि ऐच्छिक काय, कसं ओळखायचं?

प्रश्न: जळगाव एमआयडीसीतून माझी वापीच्या प्लांटला बदली झालीय. ईमेलमध्ये लिहिलंय: 'यू आर रिक्वेस्टेड टू रिपोर्ट ऑन 1 डिसेंबर', 'रिलोकेशन एक्स्पेन्सेस अप टू 40,000, सब्जेक्ट टू प्रायर अप्रूव्हल, क्लेम्स विदिन 60 डेज ऑफ जॉइनिंग', 'ट्रान्झिट अकोमोडेशन मे बी प्रोव्हायडेड', 'एम्प्लॉइज आर एन्करेज्ड टू रिलोकेट विथ फॅमिली'. तीन दिवसांत अॅक्सेप्टन्स मागितलाय. मुलगी सातवीत आहे, परीक्षेआधी घर हलवणं शक्य नाही. यातलं काय पाळावंच लागेल?

उत्तर:

भाऊ, मी जळगावातच एका कारखान्यात आधी टाइम ऑफिसला आणि मग एचआरमध्ये होतो, असले ईमेल मी स्वतः टाइप केलेत आणि नंतर तसलाच एक मला पण आला, म्हणून दोन्हीकडून सांगतो.

पहिली गोष्ट, ईमेल सोडा आणि त्याला जोडलेली पीडीएफ उघडा. ट्रान्सफर ऑर्डर किंवा लेटर असं काहीतरी नाव असेल. ईमेल म्हणजे बहुतेक वेळा त्या लेटरचं गोड भाषेतलं सार असतं आणि उद्या भांडण झालं तर सहीचं लेटर काढून बघतात. दोन्हीत तारीख किंवा रक्कम वेगळी दिसली तर आजच विचारून घ्या. त्याच्या जोडीला तुमचं जुनं अपॉइंटमेंट लेटर कपाटातून काढा, त्यात 'कंपनीच्या कुठल्याही युनिटला बदली होऊ शकते' असं कलम बहुतेक वेळा असतं, ते शोधून ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ओळी. लोक मऊ शब्द बघून फसतात. 'रिक्वेस्टेड' म्हणजे विनंती, मग नाही म्हणता येईल असं वाटतं. नाही येत. आपल्याकडच्या ऑफिसच्या इंग्रजीत 'रिक्वेस्टेड', 'काइंडली', 'प्लीज' ही नुसती पद्धत आहे, तहसीलची नोटीस पण 'विनंती' म्हणूनच येते. विनंती आहे की हुकूम हे क्रियापदावरून कळत नाही, दोन गोष्टींवरून कळतं: त्या वाक्यात काम तुमच्या माथी आहे का आणि त्याला तारीख किंवा न केल्याचा परिणाम चिकटलाय का. 1 डिसेंबरला हजर व्हा, यात काम तुमचं आणि तारीख पक्की, म्हणजे बंधनकारक. लेटरमध्ये कुठे 'फेलिंग विच' असेल तर त्याच्या पुढचं वाक्य दोनदा वाचा, परिणाम तिथे लिहिलेला असतो.

'एन्करेज्ड टू रिलोकेट विथ फॅमिली' मध्ये तारीख पण नाही आणि परिणाम पण नाही, हे ऐच्छिकच. तुम्ही एकटे गेलात, फॅमिली जळगावात ठेवली, तर कोणी काही म्हणू शकत नाही. एचआर हे वाक्य घालतं कारण एकटा गेलेला माणूस दर शनिवारी सुरत लाईनची गाडी धरतो आणि सोमवारी उशिरा येतो 😄

याच्या उलट कंपनीच्या माथी असलेली वाक्यं बघा, तिथे शब्द मऊ असेल तर तो खरोखर मऊच असतो. 'मे बी प्रोव्हायडेड' म्हणजे राहायची सोय देतील किंवा नाही देणार, पहिल्या रात्रीचा बंदोबस्त तुम्ही स्वतःच धरून चला. आणि 'अप टू 40,000' म्हणजे 40,000 मिळणार असं नाही, ती वरची मर्यादा झाली. 'सब्जेक्ट टू प्रायर अप्रूव्हल' म्हणजे आधी मंजुरी, मग खर्च, उलटं केलं की पैसे अडकतात.

हे मला माझ्या खिशातून कळलं. माझी नाशिकला बदली झाली तेव्हा लेटरमध्ये 'अप टू 25,000 अगेन्स्ट बिल्स' होतं. वडिलांनी विचारलं, "भाऊ, यामा काय लिखेल शे?" मी ऐटीत सांगितलं, पंचवीस हजार मिळताय. ओळखीचा टेम्पो ठरवला, हमाली धरून 18,400 गेले आणि टेम्पोवाल्याने कच्च्या कागदावर पावती दिली, तिच्यावर ना नंबर ना माझं नाव. मंजुरीचा ईमेल तर मी टाकलाच नव्हता. अकाउंट्सने क्लेम परत पाठवला आणि खरं सांगू, त्यांच्या जागी मी असतो तर मी पण परत पाठवला असता. एचआरमधलाच माणूस मी, तरी पैसे दिसल्यावर 'अगेन्स्ट बिल्स' वाचलं नाही.

तुमच्या केसमध्ये खरा फास त्या 60 दिवसांचा आहे, तो तुम्ही प्रश्नात विचारला पण नाही. 1 डिसेंबरला जॉइन झालात तर 60 दिवस 30 जानेवारीला संपतात. मुलीची परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये, सामान हलणार मे महिन्यात, म्हणजे टेम्पोचं बिल येईल तेव्हा क्लेमची खिडकी तीन महिन्यांपूर्वीच बंद झालेली असेल. फॅमिली नेणं ऐच्छिक आहे पण त्याच्या खर्चाची मुदत बंधनकारक, ऐच्छिक वाक्याला बंधनकारक वाक्य असं मागून धरून ठेवतं. त्यामुळे मुदतवाढ आत्ताच मागा, जॉइन व्हायच्या आधी, कारण आत्ता त्यांना तुमची गरज आहे. जानेवारीत मागाल तर 'पॉलिसीमध्ये नाही' असं उत्तर येईल.

राहिला अॅक्सेप्टन्स. लेटरवर वरच्या कोपऱ्यात कंपनीचं पूर्ण नाव वाचा, पार 'प्रायव्हेट लिमिटेड' पर्यंत. वापीचा प्लांट तुमच्याच कंपनीचा असेल आणि अपॉइंटमेंट लेटरमध्ये बदलीचं कलम असेल, तर तुमचा अॅक्सेप्टन्स म्हणजे नुसती पोच, बदली त्यावर अडून नाही. पण तिथे ग्रुपमधल्या दुसऱ्याच कंपनीचं नाव असेल तर गोष्ट बदलते. एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे माणूस त्याच्या संमतीशिवाय पाठवता येत नाही, सुप्रीम कोर्टाने 1989 मध्ये जेएनयूच्या एका केसमध्ये हे सांगितलंय. मग तुमची सही खरी संमती ठरते, आणि ती देण्याआधी 'कंटिन्युइटी ऑफ सर्व्हिस' लेखी घ्या, नाहीतर ग्रॅच्युइटीची वर्षं पहिल्यापासून मोजतील.

कंपनी तीच आहे असं धरून मी असं उत्तर टाकलं असतं, तिसऱ्या दिवसाची वाट न बघता: लेटर मिळालं, 1 डिसेंबरला वापीला हजर होतो. मुलीच्या परीक्षेमुळे कुटुंब मे महिन्यात हलवणार आहे, तरी सामानाच्या खर्चाचा क्लेम 31 मेपर्यंत चालेल अशी मंजुरी द्यावी. ट्रान्झिट अकोमोडेशन मिळणार का आणि किती दिवस, तेही कळवावं. टेम्पोची कोटेशनं आधी पाठवतो, कोणाची मंजुरी लागेल ते सांगावं.

एवढंच. यात 'आय अॅक्सेप्ट ऑल टर्म्स' लिहू नका, कुणी फॉर्मॅट दिला तरी. फोनवर 'हो हो, करून देऊ' म्हणाले तर फोन ठेवल्यावर लगेच 'आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे' म्हणून दोन ओळींचा ईमेल टाका, आणि स्वतःच्या जीमेलला पण एक कॉपी ठेवा, कारण बदलीनंतर जुन्या प्लांटचा मेल आयडी कधी कधी बंद करून टाकतात.