हेडलाइनमध्ये पद लिहू की काम?

"मॅडम, नोकरी सोडून मी आता घरूनच अकाउंट्सची कामं घेते. लिंक्डइनवर नावाखालच्या हेडलाइनमध्ये 'फ्रीलान्स अकाउंटंट' एवढंच लिहिलंय. लोक प्रोफाइल बघून जातात, विचारत कुणीच नाही. कुणासाठी काय करते ते नेमकं लिही, असं सगळे सांगतात. पण तसं लिहिलं तर बाकीची कामं हातची जातील ना? आणि स्वतःचंच स्वतः सांगायचं म्हणजे बढाई मारल्यासारखंही वाटतं."

ही भीती घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. त्यातल्या एकांचं उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

गृहस्थ पन्नाशीच्या जवळचे. मेटलर्जीचा डिप्लोमा केलेले, सगळी नोकरी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, शेवटी क्वालिटी विभागाचे प्रमुख. नोकरी सोडून त्यांनी सल्लागार म्हणून काम सुरू केलं. हेडलाइन अशी होती: 'फ्रीलान्स कन्सल्टंट | क्वालिटी | लीन | सिक्स सिग्मा | 22 वर्षांचा अनुभव'. प्रोफाइल इंग्रजीत आहे, इथे मी मराठीत सांगतेय. यात खोटं काहीच नव्हतं. पण औषधाच्या कंपनीतला माणूसही हीच ओळ लावू शकला असता, सूतगिरणीतलाही. आणि येणारे मेसेज तसेच होते: कुणी ट्रेनिंग कोर्स विकायला, कुणी आयएसओची कागदपत्रं करून देता का विचारायला.

नवी ओळ लिहायला मी लगेच सांगत नाही. त्यांना विचारलं, "नोकरी सोडल्यावरही तुम्हाला जुन्या ओळखीतून फोन येतात ना? शेवटचा कुणाचा आला आणि तो पहिल्यांदा काय बोलला?"

ते हसले. म्हणाले, "गोकुळ शिरगावच्या एका मालकांचा आला ओ. 'साहेब, माल परत आलाय, मशिनिंग झाल्यावर भोकं निघाली, जरा येऊन बघता का,' असं."

त्या एका वाक्यात सगळं होतं. कास्टिंग, म्हणजे ओतून केलेला भाग, फाउंड्रीतून जाताना वरून चांगलंच दिसतं. ग्राहकाकडे मशिनवर कातडं निघालं की आतला ब्लोहोल, म्हणजे अडकलेल्या वायूचं भोक, उघडा पडतो. मग ग्राहक नुसतं कास्टिंग परत करत नाही, मशिनिंगचा खर्चही डेबिट नोटमध्ये लावतो. लहान मालकाला खरा चटका तिथे बसतो. म्हणून तो फोन करताना 'प्रोसेस इम्प्रूव्हमेंट' म्हणत नाही, 'माल परत आलाय' म्हणतो.

मग मी विचारलं, "तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा काय बघता?" इथे ते अर्धा तास बोलले आणि मी लिहून घेत होते. ग्रीन सँड, म्हणजे ओलसर वाळूचा साचा असेल तर आधी वाळूतला ओलावा. साधारण 3 ते 4 टक्क्यांच्या पुढे गेला की वाफ जास्त धरते. मग वाळूतून वायू किती सहज बाहेर जातो ते, म्हणजे परमिएबिलिटी. मग कोअर, म्हणजे भागात पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवतात तो वाळूचा गाभा. पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेला कोअर हवेतला दमटपणा ओढून घेतो आणि धातू ओतल्यावर तोच वायू कास्टिंगमध्ये अडकतो. शेवटी व्हेंट, म्हणजे वायू निघायला ठेवलेल्या वाटा खरोखर मोकळ्या आहेत का ते. "ऑफिसात बसून रिपोर्ट वाचून हे कळत न्हाई, मोल्डरच्या शेजारी उभं राहायला लागतं," हे वाक्य त्यांचंच.

म्हणजे कुणाला मदत आणि कशी, दोन्ही उत्तरं त्यांच्याच तोंडून निघाली. तरी पहिला मसुदा लिहायला बसले आणि पेन लगेच सभ्य भाषेकडे वळलं: 'उत्पादन उद्योगांना गुणवत्ता व उत्पादकता वाढवण्यासाठी मदत करतो.' हे बहुतेकांचं होतं. बोलताना भोकं, वाळू, डेबिट नोट. लिहिताना गुणवत्ता, उत्पादकता. मी त्यांना एवढंच म्हटलं, "त्या शिरगावच्या मालकांनी हे वाचलं, तर त्यांना 'हा माझा माल परत येतो ते बघणारा माणूस' असं वाटेल का?" त्यांनी कागद उलटा केला.

दुसरा मसुदा दुसऱ्या टोकाला गेला: 'फाउंड्रीचं रिजेक्शन 2 टक्क्यांवर आणून देतो.' तुम्ही ज्या बढाईबद्दल विचारलंत, ती ही. हा आकडा जुन्या कंपनीत आला होता, एका विशिष्ट पार्टवर, मोल्डिंग, मेल्टिंग अशा सगळ्यांच्या हातून. दुसऱ्या फाउंड्रीत मशिन वेगळी, वाळू वेगळी, तिथे तो येईलच असं कुणी सांगू शकत नाही. शिवाय जुन्या मालकाचा आतला आकडा त्याच्या परवानगीशिवाय बाहेर टाकणं बरं नाही. म्हणून माझा नियम असा आहे की हेडलाइनमध्ये आपण काय करतो ते सांगायचं, काय होईल याची हमी द्यायची नाही. आकडा सांगायचाच असेल, तर खालच्या 'अबाउट'मध्ये, कोणत्या परिस्थितीत आला त्यासकट. 'ब्लोहोल कमी करण्याचं काम करतो' हे म्हणायला कुणालाच लाजायचं कारण नाही, कारण तो रोज तेच करतो.

पुढची अडचण जागेची. लिंक्डइन हेडलाइनला 220 अक्षरं देतं, पण ती सगळी फक्त तुमच्या प्रोफाइलवर आलेल्या माणसाला दिसतात. तुम्ही कुणाच्या पोस्टखाली कमेंट केलीत किंवा कनेक्शनची विनंती पाठवलीत, की नावाखाली पहिले थोडेच शब्द दिसतात आणि पुढे तीन टिंबं येतात. यांनी इंग्रजीत 'मी अमक्यांना तमकं करायला मदत करतो' अशी सुरुवात केली होती. मी माझ्या मोबाइलवर त्यांची एक कमेंट उघडून दाखवली. दिसत होतं फक्त 'मी उत्पादन क्षेत्रातल्या लघु व मध्यम...', आणि पुढे काहीच नाही. मुद्द्याचा शब्द कापला गेला होता. तुम्हीही हे स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्या फोनवर बघा.

शेवटी ओळ अशी ठरली: 'फाउंड्रीतलं ब्लोहोल रिजेक्शन कमी करणं | ग्रीन सँड फाउंड्रींसाठी वाळू, कोअर आणि व्हेंटिंगची शॉपफ्लोअरवर तपासणी | फाउंड्री क्वालिटी कन्सल्टंट'. 'फाउंड्री' आणि 'ब्लोहोल' पुढे आले, कापलं गेलं तरी तेवढे राहतात. पद काढून टाकलं नाही, शेवटी नेलं. हे मुद्दाम सांगते, कारण 'पद लिहू नका' असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो आणि तो अर्धवट आहे. लोक शोधताना 'फाउंड्री कन्सल्टंट' असंच टाइप करतात; ते शब्द हेडलाइनमध्ये असले तर शोधात सापडायला मदत होते. सिक्स सिग्मा मात्र सर्टिफिकेटच्या रकान्यात गेलं. त्याचं त्यांना वाईट वाटलं, परीक्षा कष्टानं दिली होती. पण शिरोलीतला मालक ते वाचून फोन उचलत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न, बाकीची कामं जातील का. त्यांनीही हेच विचारलं होतं: "मॅडम, मला श्रिंकेजपण कळतं, सँड इन्क्लुजनपण कळतं. एकच लिहिलं तर बाकीचे समजतील, ह्याला तेवढंच येतं." मी म्हटलं, काही आठवडे ठेवून बघू, पटलं नाही तर बदलायला पैसे पडत नाहीत. नंतर ज्या फोनमधून पहिलं पैसे मिळवून देणारं काम ठरलं, तो बेळगावच्या एका फाउंड्रीचा होता. त्यांचा त्रास ब्लोहोलचा नव्हताच, श्रिंकेजचा होता, म्हणजे धातू थंड होताना आकसून पडणाऱ्या पोकळीचा. "तुम्ही ब्लोहोल बघता म्हणजे हेही बघत असाल," असं समोरचा म्हणाला. नेमकं लिहिलेलं वाचून माणूस आपली शेजारची अडचण घेऊन येतो. मोघम लिहिलेलं वाचून तो काय घेऊन यायचं तेच ठरवू शकत नाही. आयएसओच्या कागदपत्रांचे मेसेज मात्र कमी झाले. ती कामं गेली म्हणायची तर गेली, पण ती त्यांना नकोच होती.

ओळ चालतेय की नाही हे एकूण किती जणांनी प्रोफाइल बघितलं यावरून मी ठरवत नाही. आकडा घटूही शकतो. बघायचं ते हे, की बघणारे कोण आहेत आणि पहिल्या मेसेजमध्ये काय विचारतात. 'तुम्ही नक्की काय करता?' हा प्रश्न येणं बंद झालं, तर ओळ आपलं काम करतेय. तो येतच राहिला, तर अजून मोघम आहे. आणि सगळेच 'मोफत एकदा येऊन बघा' म्हणत असतील, तर दोष हेडलाइनचा नाही. तो प्रश्न फी कशी सांगायची याचा आहे आणि त्यावर पुन्हा कधीतरी बोलू.

एका ठिकाणी हा सल्ला उलटा फिरवावा लागतो. तुम्ही नोकरी शोधत असाल, तर पद पुढेच ठेवा. भरती करणारा माणूस पदाच्या नावानं शोधतो, 'क्वालिटी मॅनेजर' टाइप करतो, त्याला तुमच्या कामाची गोष्ट नंतर हवी असते. आणि नोकरीत असताना बाजूला कामं घेत असाल, तर कुणाला मदत करता हे लिहिण्याआधी नेमणूकपत्रातली बाहेरच्या कामाची अट वाचून घ्या; हेडलाइन तुमच्या साहेबांनाही दिसते.

तुमच्यासाठी सुरुवात व्हॉट्सअॅपवरून करा. ज्यांनी पैसे दिले असे शेवटचे काही ग्राहक काढा आणि त्यांचा अगदी पहिला मेसेज वर जाऊन वाचा. 'जीएसटी रिटर्न भरून देते' हे कोल्हापुरात प्रत्येक गल्लीत कुणीतरी लिहितं, त्यातून तुम्ही वेगळ्या दिसणार नाही. पण त्या मेसेजमध्ये एखाद्या हुपरीच्या चांदीवाल्यानं 'जॉबवर्कला दिलेल्या मालाची चलनं जुळत नाहीत' असं लिहिलेलं सापडलं आणि तसे दोघे-तिघे निघाले, तर तुमच्या ओळीचे पहिले शब्द तिथेच आहेत. वेगवेगळ्या धंद्यांतले ग्राहक निघाले आणि अडचण मात्र एकच असली, समजा पुरवठादारानं बिल न दाखवल्यामुळे अडकलेलं इनपुट क्रेडिट, तर धंद्याचं नाव सोडा आणि अडचण पुढे घ्या. दोन्हीपैकी काहीच जुळत नसेल, तर ज्या प्रकारचं काम तुम्हाला आणखी हवंय त्यावरून लिहा आणि पुढचे पाच-सहा मेसेज येईपर्यंत तशीच राहू द्या. 'अकाउंटंट' हा शब्द शेवटी ठेवायला विसरू नका.